दुसऱ्या कानातली कुडी

कर्वेनगरात माझा फोटो स्टुडिओ आहे. चाळीस वर्षं झाली. हल्ली लोक आत येतात आणि पहिलं विचारतात, "झेरॉक्स मिळेल का?" मिळते. पासपोर्ट फोटोही मिळतो, आणि कोणी शहाणा निघालाच तर नीट दिव्यांखाली बसवून काढलेला चेहराही मिळतो. पण शहाणे कमी झालेत. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, आणि प्रत्येकाला वाटतं आपल्याला फोटो काढता येतो. असो. माझं नाव दादामियाँ. वय अडुसष्ट. चिडका आहे असं आमच्या अमिनाबी म्हणतात, आणि त्यांना माझा चव्वेचाळीस वर्षांचा अनुभव आहे.

त्या मंगळवारी दुपारी दीपमाला दुकानात आली. ही आमच्या नातीची, जिनतची, गणिताची मॅडम. मूळची यवतमाळची. लग्न न करता, कोणाच्या मदतीशिवाय, मागच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन क्लास उभा केलेली. बत्तीस मुलं. जिनत आठवीत गणिताला रडायची, आता मलाच हिशेब शिकवते. दीपमाला रोज येता-जाता काचेबाहेरून हात करायची. त्या दिवशी आत आली, स्टुलावर बसली आणि मोबाइल माझ्यापुढे ठेवला.

"चाचा, तुम्ही फोटोतले आहात. हा खोटा आहे असं मला लेखी द्याल?"

फोटोत एका बारमध्ये एक बाई अर्ध्यामुर्ध्या कपड्यांत कोणा पुरुषाच्या मांडीवर बसली होती, हातात ग्लास. चेहरा दीपमालाचा. इन्स्टावर 'जागृत पालक' नावाच्या कोणीतरी सोमवारी सकाळी टाकला होता. वर लिहिलं होतं, 'आपल्या मुली कोणाकडे शिकायला जातात, डोळे उघडून बघा.' दुपारपर्यंत तो क्लासच्या पालकांच्या ग्रुपवर पोहोचला. कोणी बाईने फक्त विचारलं होतं, हे खरं आहे का म्हणून. विचारायला तसं काय जातं.

"सोमवारी संध्याकाळी एकोणीस मुलं आली," दीपमाला म्हणाली. "बाकीच्यांना एकदम सर्दी झाली. रविवारी मी पालकांची मीटिंग ठेवलीय. त्यांच्यापुढे ठेवायला काहीतरी हवं. नाहीतर क्लास गेला, आणि नावही गेलं. यवतमाळला आईपर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो?"

ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं, पाणी दिलं असतं. ती गणिताच्या बाईसारखी बोलत होती आणि तिची बोटं ओढणीचं टोक पिळत होती. मला इतका राग आला की कान गरम झाले. माणसाच्या चेहऱ्याशी मी आयुष्यभर इमानाने वागलो. कोणाचा डाग पुसला असेल, कोणाचे पांढरे केस काळे केले असतील, पण चेहरा उचलून दुसऱ्याच्या धडावर ठेवणं, ही कुठली अवलाद.

"लेखी मी देईन," मी म्हटलं. "पण माझ्या कागदाला कोण विचारतो? पोलिसांत चल."

"ग्रुपवरचा मेसेज मी सगळ्यांसाठी डिलीट केला, चाचा. अ‍ॅडमिन आहे ना मी. बघवत नव्हतं."

मला ते अगदी बरोबर वाटलं. मी तिला शाबासकी दिली. आणि स्वतः त्याहून मोठा शहाणपणा केला. तिच्याकडे इन्स्टावरच्या त्या फोटोचा एक स्क्रीनशॉट होता, तो मी मागून घेतला आणि काँप्युटरवर बसलो. वरचं नाव, तारीख, खालच्या घाणेरड्या कमेंटा, सगळं कापलं. उजेड थोडा वाढवला. आणि खालचं धड धुरकट करून टाकलं, कारण पोलिसांपुढे झालं तरी पोरीला तसं कसं ठेवायचं? ग्लॉसी कागदावर दोन प्रिंट काढल्या. मला वाटलं काम झालं.

शिवाजीनगरच्या सायबर पोलीस ठाण्यात आमची गाठ पडली हवालदार वैराट मॅडमशी. पस्तिशीच्या, आवाज बारीक, आणि बोलणं असं की पुणेरी पाटीने तोंड उघडावं. त्यांनी माझी प्रिंट हातात घेतली, उलटसुलट केली.

"काका, हे कोणी केलं?"

"मी. फोटोतला आहे मी."

"दिसतंय. पुराव्याला आंघोळ घालून, पावडर लावून आणलंत. आता यात टाकणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही, आणि मूळ चित्रात काय होतं तेही नाही. उद्या कोर्टात त्याचा वकील विचारेल, एवढं बदललं तर चेहरा पण तुम्हीच बसवला नसेल कशावरून?"

तसं मला गप्प बसवणारं माणूस घराबाहेर क्वचितच भेटतं.

मग त्या दीपमालाकडे वळल्या आणि आवाज खाली आणला. "मॅडम, बसा निवांत. स्क्रीनशॉट तुमच्या फोनमध्ये मूळचा तसाच आहे ना? छान. यांनी हात लावला ती कॉपी होती, नशीब तुमचं. ग्रुपवरचा मेसेज डिलीट केलात, हरकत नाही, सगळेच करतात. आता ज्या बाईंनी टाकला होता त्यांच्या फोनमध्ये फोटो असेल, त्यांना सांगा, काही पुसू नका आणि पुढेही पाठवू नका. इन्स्टावरची पोस्ट अजून आहे का?"

होती.

"मग आधी ती धरून ठेवू. काढायला नंतर लावू. लोक नेमकं उलटं करतात. रागाने आधी रिपोर्ट मारतात, पोस्ट जाते, मग इथे येऊन सांगतात, 'होती हो, शपथेवर सांगतो.'"

पुढचा अर्धा तास त्यांनी दीपमालाच्याच फोनवर तिच्याच हाताने सगळं करून घेतलं. पूर्ण पडद्याचे स्क्रीनशॉट, काही न कापता. पोस्टची लिंक उतरवून घेतली. अकाउंटच्या पानाची वेगळी लिंक घेतली. कमेंटा एकेक करून. मग पडद्याचं रेकॉर्डिंग, अकाउंट उघडण्यापासून पोस्टपर्यंत, म्हणजे कोणी म्हणायला नको की चित्र बनवलं. तारीख, वेळ, पहिल्यांदा कधी आणि कोणाकडून कळलं, हे एका कागदावर क्रमाने.

"नावावर भरवसा ठेवू नका," वैराट मॅडम म्हणाल्या. "आज 'जागृत पालक', उद्या 'गुलाबाचं फूल'. नाव बदललं तरी अकाउंट तेच राहतं. आणि त्याला मेसेज करून भांडायला जाऊ नका. तो सावध होईल आणि सगळं पुसून बसेल. हा फोन बदलू नका, रीसेट करू नका. यातून जे दिलंय ते जसंच्या तसं निघालंय, असं प्रमाणपत्र तुमच्या सहीने लागेल."

सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावरही तक्रार भरून झाली, पोचक्रमांक आला. लेखी तक्रार वरिष्ठ साहेबांपुढे गेली. सगळं हाती आल्यावरच वैराट मॅडमनी दीपमालाला पोस्ट काढून टाकण्याची तक्रार कंपनीकडे करायला लावली. दीपमालाचे खांदे पहिल्यांदाच खाली आले.

"आता एक सांगा," मॅडमनी तो फोटो त्यांच्या काँप्युटरच्या मोठ्या पडद्यावर घेतला. फक्त चेहरा. "हा चेहरा कुठून उचलला असेल? तुमच्या क्लासच्या बॅनरवरून?"

"बॅनरवर मी साध्या टॉप्समध्ये आहे. हा फोटो मला आठवतच नाही. माझ्याकडे नाहीये हा."

मी वाकून बघितलं.

दोन्ही कानांत मोत्याच्या कुड्या होत्या. डाव्या कुडीतला खालचा एक मोती काळपट पडलेला. उजव्या कुडीतलाही तोच मोती, तितकाच काळपट, फक्त आरशात दिसावा तसा उलट बाजूला. जगात असा जोड कुठल्याही सोनाराकडे नाही. तो माझ्याकडे बनला होता.

गेल्या वर्षी जूनमध्ये दीपमाला बॅनरसाठी फोटो काढायला आली होती. स्वारगेटहून बसने येताना गर्दीत तिची एक कुडी पडली. मी म्हटलं, तू बस, माझ्यावर सोड. डाव्या कानातली उचलली, उलटी केली, उजव्या कानात बसवली. असं काम झालं होतं की माझी मीच पाठ थोपटून घेतली. पण बाई गणिताची. फोटो बघून म्हणाली, "नको चाचा, हे खोटं आहे. मी उद्या दुसरे टॉप्स घालून येते." आली, दुसरा फोटो काढला, तो बॅनरवर गेला. पहिला तिने घेतलाच नाही. तो फक्त माझ्याकडे होता.

वैराट मॅडम म्हणाल्या, "आठवलं तर सांगा. जिथून फोटो उचलला तिथपर्यंत पोहोचलो तर अर्धं काम होतं."

मी सांगितलं नाही. येताना बसमध्येही नाही. दीपमाला म्हणाली, "चाचा, तुम्ही होतात म्हणून आले मी, एकटीचे पाय उचलले नसते." मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

दुकानात आलो, शटर अर्धं ओढलं आणि काँप्युटर लावला. आमच्या धंद्याची एक रीत आहे. चांगला चेहरा निघाला की तो शोकेसमध्ये लावायचा. कोणी कोणाला विचारत नाही. गिऱ्हाइकालाही कौतुकच वाटायचं, बायका शेजारणींना दाखवायला आणायच्या. माझ्या वडलांनी त्यांच्या दुकानात लावले, मी इथे लावले. तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलाने, फैझलने, स्टुडिओचं इन्स्टा पान उघडून दिलं. "अब्बा, आता शोकेस इथे आहे," म्हणाला. मी तिथे लावायला लागलो.

आणि तो होताच. जूनमधला. दोन कुड्यांचा. खाली मीच लिहिलेलं, 'रिटचिंगची कमाल, उजवी कुडी ओळखा.' सत्तेचाळीस लोकांनी बदाम दिले होते. त्या सत्तेचाळिसांचा मला केवढा आनंद झाला होता, ते आठवून लाज वाटली.

मेसेजांची पेटी मी सहसा उघडत नाही, सगळे रेटच विचारतात. पण त्या पोस्टवरून कोणीतरी चांगलं बोललं होतं आणि मी उत्तरं दिली होती, एवढं आठवत होतं. सोनू नावाची मुलगी. शोधायला लागलो तर सोनू कुठे सापडेना. जूनपर्यंत मागे गेलो. संभाषण होतं. 'काका, काय सुंदर काम आहे. माझ्या ताईचा असाच करायचाय. इथे मोठा करून बघितला की फोटो फाटतो, व्हॉट्सअ‍ॅपवर मोठी फाइल पाठवाल का?' खाली नंबर. खाली माझं उत्तर, 'पाठवली बेटा.'

फक्त वर नाव सोनू नव्हतं. वर 'जागृत पालक' होतं.

नाव बदललं तरी अकाउंट तेच राहतं. दुपारीच ऐकलेलं वाक्य. व्हॉट्सअ‍ॅप बघितलं. पाठवली होती, डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे एक कणही फाटू नये. इतकं इमानाने मी काम केलं होतं. त्या हलकटाला हवं ते सगळं मी स्वतःच्या हाताने, कौतुकाच्या चार शब्दांवर देऊन टाकलं होतं.

आता खरं सांगतो, कारण खोटं सांगायचं तर ही गोष्ट सांगण्यातच अर्थ नाही. माझा अंगठा पोस्टच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर गेला. डिलीट. मग मेसेज. डिलीट. कोणाला कळलं असतं? दीपमालाला तो फोटो आठवतही नव्हता. पोलीस त्यांच्या वाटेने कंपनीकडून माहिती काढतीलच, मी मनाशी म्हटलं. दादामियाँचं नाव कशाला? कर्वेनगरात चाळीस वर्षं लोक विश्वासाने चेहरा घेऊन येतात. ह्याच्याकडून फोटो बाहेर जातात, एवढं एक वाक्य दुकान बंद करायला पुरे आहे.

अमिनाबी डबा घेऊन आल्या होत्या. दाराशी कधी उभ्या राहिल्या कळलंच नाही. मी सगळं सांगितलं. त्यांनी डबा ठेवला, चष्मा लावून पडदा वाचला.

"पुसणार होतात?"

"विचार करत होतो."

"त्या पोरीने मेसेज पुसला ते लाजेने. तिचा काही गुन्हा नसताना. तुम्ही कशाने पुसणार?" त्यांनी चष्मा काढला. "भाजी गरम आहे, खाऊन घ्या. सकाळी तिच्याकडे जा. पोलिसांकडे नंतर, आधी तिच्याकडे."

सकाळी साडेसातला मी क्लासमध्ये गेलो. फळ्यावर आदल्या दिवशीची गणितं होती, दीपमाला बाक सरळ करत होती. मी उभ्यानेच सांगितलं. कुडी, पोस्ट, सोनू, फाइल. मधे थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढे जाता आलं नसतं.

तिने फळ्याखालचं डस्टर उचललं.

"मी नको म्हटलं होतं ना तो फोटो?"

"म्हटलं होतंस."

"तरी लावलात."

"हो."

"मला दोन रात्री वाटत होतं, माझंच काही चुकलं असेल. कुठे, कोणाशी हसून बोलले असेन. मी माझा सगळा फोन शोधला, चाचा. एकेक फोटो." तिचा आवाज तिथे फाटला. पहिल्यांदाच. "आणि तो तुमच्या पानावर होता."

माफ कर म्हटलं. ते शब्द इतके तोकडे पडले की मला परत म्हणवेना. तिने फळा पुसला, पुसलेला परत पुसला, मग पर्स उचलली. "चला. दहा वाजता मुलं येतील, त्याआधी मला परत यायचंय."

वैराट मॅडमनी माझा फोन बघितला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "यातलं काही पुसलंत? कापलंत? पावडर?"

"काही नाही. कालच शिकलो."

"हे लिहून घ्यायला हवं," म्हणत त्यांनी लिंका उतरवल्या, संभाषणाचे स्क्रीनशॉट, नंबर, फाइल पाठवल्याची तारीख-वेळ, आणि माझ्या काँप्युटरमधली कुडीच्या कामाची मूळ फाइल, हात न लावलेली. रात्रीतून 'जागृत पालक' अकाउंट बंद झालं होतं. कंपनीने पोस्ट काढल्यावर तो घाबरला असणार. पण माझ्या फोनमध्ये सोनूचे शब्द आणि तिचा नंबर जागच्या जागी होते. अंगठा हलला असता तर तेही राहिले नसते.

जबाब टाइप करताना त्या थांबल्या. "काका, ही पोस्ट टाकायला मॅडमची परवानगी होती?"

दीपमाला माझ्या शेजारी बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, ती हो म्हणाली असती. तशी आहे ती.

"नव्हती," मी म्हटलं. "तिने नको म्हटलं होतं. असंच लिहा."

त्यांनी तसंच लिहिलं. मी सही केली. चाळीस वर्षं बिलांवर सह्या केल्या, इतकी जड एकही नव्हती.

गुन्हा नोंदला गेला. तो नंबर रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला क्लास चालवणाऱ्या दिग्विजय सरांचा निघाला, जुना. त्यांच्याकडची अकरा मुलं गेल्या वर्षी दीपमालाकडे आली होती, एवढंच कारण. कंपनीकडून माहिती यायला तीन आठवडे लागले, ती नंबराशी जुळली. त्यांचा फोन पोलिसांनी तपासणीला पाठवला. खटला उभा राहील, तारखा पडतील, मी साक्षीदार आहे. लोकांना साक्षीदार व्हायचं म्हटलं की घाम फुटतो. मी वाट बघतोय.

त्या रविवारच्या मीटिंगला दीपमालाने माझा कागद दाखवला नाही. गुन्ह्याच्या नोंदीची प्रत दाखवली, आणि म्हणाली, "ज्यांच्याकडे तो फोटो आहे त्यांनी पुढे पाठवू नये, आणि माझ्यासाठी म्हणून पुसूही नये, पोलीस विचारतील." मी मागच्या बाकावर होतो. नंतर उठून माझा भाग मी सांगितला. एक गृहस्थ म्हणाले, "आमच्या मुलीचा फोटो पण आहे तुमच्या शोकेसमध्ये." मी म्हटलं, "होता. आज सकाळी उतरवला." बत्तीसपैकी अठ्ठावीस मुलं परत आली. चौघांची सर्दी अजून गेलेली नाही.

शोकेस जवळजवळ रिकामं आहे. एकेका घरी फोन करून विचारतोय. कोणी हसतात, कोणी हो म्हणतात, एका म्हाताऱ्याने विचारलं, बायकोचा आहे का अजून, असला तर राहू द्या. तो परत लावला.

गेल्या आठवड्यात दीपमाला आली. नवीन वर्षाचा बॅनर करायचा होता. दिव्यांखाली बसली. कपाळावर एक पुळी होती. मी पडद्यावर फोटो दाखवला.

"पुळी काढू?"

"राहू द्या."

फोटो सुरेख आला होता. तिने पैसे दिले, मी घेतले. नको म्हणण्याचा हक्क मला उरलेला नव्हता. ती निघाली तेव्हा मी चाळीस वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाइकाला विचारलं.

"शोकेसमध्ये लावू का?"

तिने जवळजवळ रिकाम्या काचेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"नको, चाचा."

"बरं," मी म्हटलं, आणि पाकीट चिकटवून तिच्या हातात दिलं.